नवा व्हिडिओ जुन्यांच्या रांगेत कुठे बसतो: प्रकल्प नोंदी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

वहिनींचं ब्लाउज कटिंगचं यूट्यूब चॅनेल आहे. प्रिन्सेस कट, कटोरी, बोट नेक, अस्तर लावणं, मुंढ्याला चुण्या का पडतात, असे विषय. साधारण दहा दिवसांनी एक व्हिडिओ येतो. येत्या गुरुवारी नवा टाकणार आहेत आणि त्यांचा प्रश्न सरळ आहे: "भावजी, आठवडाभरानं आकडा बघून मी खूश व्हायचं की नाही, ते कसं ठरवायचं?"

आत्तापर्यंतची पद्धत अशी की वहीत प्रत्येक व्हिडिओसमोर व्ह्यूज लिहायचे आणि नव्या आकड्याची सरासरीशी तुलना करायची. वही नीट ठेवली आहे, पण तीत आजपर्यंतचे एकूण व्ह्यूज आहेत. एप्रिलमधल्या व्हिडिओला सहा महिने मिळालेत, ऑक्टोबरमधल्याला दोन आठवडे. या दोघांची तुलना करून काही हाती लागणार नाही. पहिलं काम म्हणजे सगळे व्हिडिओ एका वयाला आणून उभे करायचे. वय ठरवलं: पहिले सात दिवस.

शॉर्ट्स पूर्ण बाजूला काढले. त्यांचा प्रेक्षक वेगळा, आणि ३१ मार्च २०२५ पासून शॉर्टचा व्ह्यू मोजायची रीतही बदलली आहे. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरला जातो, किमान किती सेकंद पाहिला ही अट राहिलेली नाही. लांब व्हिडिओंच्या यादीत ते मिसळले तर पुढचं सगळं गणित वाया जाईल.

रविवार, २ नोव्हेंबर

स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये एकेका व्हिडिओची तारीख निवडून सात-सात दिवसांचे व्ह्यूज काढले. शेवटचे वीस लांब व्हिडिओ घेतले. त्याआधीचेही आहेत, पण तेव्हा चॅनेल अगदीच लहान होतं. त्या काळाशी तुलना केली तर आजचा कुठलाही व्हिडिओ हिरोच दिसेल.

एक बारीक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण ती चटकन लक्षात येत नाही. यूट्यूबचा "दिवस" आपल्या मध्यरात्री बदलत नाही. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे चालतो. म्हणजे तिकडच्या उन्हाळी वेळेत तो आपल्याकडे दुपारी साडेबाराला बदलतो आणि हिवाळ्यात दुपारी दीडला. वहिनी बहुतेक वेळा संध्याकाळी सातला टाकतात. तेव्हा तिकडे त्याच तारखेची पहाट असते आणि पहिल्या "दिवसात" सतरा-अठरा तास मिळतात. पण दोन-तीन व्हिडिओ सकाळी दहाला टाकलेले आहेत. तिकडे अजून आदल्या दिवसाची रात्र असते, आणि अडीच-तीन तासांत पहिला "दिवस" संपतो. अशा व्हिडिओंचे सात दिवस मोजले तर त्यांना जवळपास पंधरा तास कमी मिळतात. त्यांच्यासाठी तो तुकडा सोडून पुढचे पूर्ण सात दिवस धरले आणि तुकड्यातले व्ह्यूज त्यात मिळवले. अगदी बिनचूक नाही, पण अन्याय मिटला.

हाती आलेले आकडे, लहानापासून मोठ्याकडे लावून:

४१०, ४८०, ५३०, ५६०, ६००, ६४०, ६८०, ७२०, ७५०, ७९०, ८३०, ८७०, ९२०, ९८०, १०५०, ११२०, १२४०, १४००, १८३०, ८६००

शेवटचा ८६०० पाहून वहिनी म्हणाल्या, "ती शिवलेली नऊवारी." एप्रिलच्या मध्यात, अक्षय्य तृतीयेच्या लग्नांच्या तोंडावर टाकलेला व्हिडिओ. त्याच्यावर पुढे बरंच बोलावं लागणार आहे.

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज वहिनींबरोबर तासभर बसलो. विषय एकच: आकडे किती पसरलेले आहेत ते कसं मोजायचं.

नुसती सरासरी का पुरत नाही, इथून सुरुवात केली. समजा सरासरी ८३० आहे आणि नवा व्हिडिओ १०५० वर गेला. हे विशेष आहे का? जुने व्हिडिओ नेहमी ८०० ते ८६० मध्येच राहत असतील तर फारच विशेष. ते ४०० ते १३०० मध्ये कुठेही फिरत असतील तर त्यात काही नाही, एरवीच्या चढउतारातलंच आहे. दोन्हीकडे सरासरी तीच आहे, फरक आहे तो पसाऱ्याचा. प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, या पसाऱ्याला एक आकडा देतं: आपले व्हिडिओ सरासरीपासून साधारणपणे किती लांब पडतात.

वीस आकड्यांवर हाताने करायला कंटाळा येईल म्हणून ताजे पाच घेतले: ६८०, ९२०, ७५०, ५६०, १२४०. बेरीज ४१५०, सरासरी ८३०. मग प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर: −१५०, +९०, −८०, −२७०, +४१०. वहिनींनी लगेच बेरीज केली आणि उत्तर शून्य आलं. ते नेहमीच शून्य येतं, सरासरीची व्याख्याच तशी आहे. म्हणून अंतरांची नुसती बेरीज करून पसारा कळत नाही.

"मग वजाचं चिन्ह काढून टाका की," त्या म्हणाल्या. काढलं. बेरीज १०००, पाचाने भागून २००. हेही पसाऱ्याचं रास्त माप आहे, त्यात चूक काहीच नाही, आणि मी तसं सांगितलं. पण रूढ झालेलं माप वेगळ्या वाटेनं जातं. ते अंतरांचा वर्ग करतं: २२,५००, ८,१००, ६,४००, ७२,९००, १,६८,१००. बेरीज २,७८,०००. तिला चाराने भागायचं, ६९,५०० येतात, आणि वर्गमूळ काढलं की साधारण २६४. वर्ग केल्यामुळे "व्ह्यूजचा वर्ग" असं विचित्र एकक झालं होतं, वर्गमुळाने ते परत साध्या व्ह्यूजवर येतं.

पाच आकडे असताना भागायला चार का? वहिनींनी विचारलंच. अंतरं आपण त्याच पाच आकड्यांच्या सरासरीपासून मोजतो. ती सरासरी या पाचांच्या मधोमध बसलेली असते, त्यामुळे अंतरं खऱ्यापेक्षा थोडी लहान दिसतात. एकने कमी भागलं की ती कसर भरून निघते. पाचांत फरक जाणवतो (पाचाने भागलं असतं तर २३६ आले असते), विसांत जेमतेम कळतो. शीटमध्ये यासाठी `STDEV.S` वापरायचं, `STDEV.P` नव्हे.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच हेरली. वर्गांच्या बेरजेत १,६८,१०० हा एकटा आकडा निम्म्याहून जास्त आहे. लांबचा आकडा वर्ग केल्यावर फारच जड होतो. मी म्हटलं, ही गोष्ट डोक्यात ठेवा, उद्या लागेल.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

वीसही आकडे शीटमध्ये भरले. `B2` ते `B21` जुने, `B22` नव्यासाठी मोकळी.

```
=AVERAGE(B2:B21)
=MEDIAN(B2:B21)
=STDEV.S(B2:B21)
```

सरासरी १२५०. मध्यक, म्हणजे ओळीत लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ८१०. प्रमाण विचलन १७६४.

वहिनी आकड्यांकडे बघत राहिल्या. "सरासरी १२५०? माझे बहुतेक व्हिडिओ तर तिथवर पोचतच नाहीत." बरोबर. विसांपैकी सतरा सरासरीच्या खाली आहेत. आणि प्रमाण विचलन सरासरीपेक्षा मोठं. पुस्तकी नियम असा की सुमारे ६८ टक्के आकडे सरासरीच्या एक विचलन अलीकडे-पलीकडे सापडतात. इथे तो पट्टा उणे ५१४ पासून ३०१४ पर्यंत जातो. उणे ५१४ व्ह्यूज असा व्हिडिओ जगात कुणी बनवलेला नाही. शिवाय त्या पट्ट्यात विसांपैकी एकोणीस व्हिडिओ मावतात, म्हणजे ९५ टक्के. ६८ चा नियम घंटेच्या आकाराच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या उतरत्या आकड्यांसाठी आहे. व्ह्यूज तसे नसतात. खाली शून्याची जमीन आहे आणि वर छत नाही, म्हणून उजवीकडे लांब शेपटी निघते.

हे सगळं एका नऊवारीनं केलं आहे. तिचं सरासरीपासूनचं अंतर ७३५०, त्याचा वर्ग पाच कोटी चाळीस लाखांच्या वर. वीसही वर्गांची बेरीज पाच कोटी नव्वद लाखांच्या आसपास. म्हणजे पसाऱ्याचा ९१ टक्के हिस्सा एकाच व्हिडिओचा. १७६४ हा आकडा चॅनेलच्या चढउताराबद्दल काही सांगत नाही, तो "एकदा नऊवारी गाजली होती" एवढंच सांगतो.

नऊवारी वगळून पुन्हा काढलं: सरासरी ८६३, प्रमाण विचलन ३५२. पट्टा ५११ ते १२१५. एकोणिसांपैकी चौदा त्यात बसतात, ७४ टक्के. आता आकडा चॅनेलसारखा दिसतो.

यावरून एक चाचणी लिहून ठेवली, वहिनींना एकटीनं करता येईल अशी. सरासरी आणि मध्यक यांत मोठी दरी असेल, किंवा सरासरीतून विचलन वजा केल्यावर उणे आकडा येत असेल, तर त्या रकान्यात विचलनावर विसंबायचं नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मग नऊवारी काढूनच टाकायची का? यावर आज बरीच चर्चा झाली. वहिनींचं म्हणणं, "खरा व्हिडिओ आहे, खरे लोक बघायला आले, काढायचा कशाला?" मला हे पटतं. चुकून जास्तीचं शून्य पडलं असतं तर खोडलं असतं. आकडा खरा आहे, तर तो केवळ मोठा आहे म्हणून काढणं हा सोयीचा मामला झाला. आज मोठा काढू, उद्या लाजिरवाणा छोटा काढावासा वाटेल.

काढायचाच असेल तर कारण व्ह्यूजच्या बाहेरचं हवं. नऊवारी हा ब्लाउजचा विषयच नाही, म्हणून "फक्त ब्लाउज" अशी यादी करून ती वगळणं चालेल. पण हा नियम नव्या व्हिडिओचा आकडा यायच्या आधी ठरला पाहिजे. आकडा बघून यादी ठरवली तर हवं ते उत्तर काढता येतं.

आम्ही ती ठेवली, आणि मापच बदललं.

पर्सेंटाइल वहिनींना नवं नव्हतं. पुतणीचा सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्येच आला होता. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के मार्क नव्हेत, तर परीक्षेला बसलेल्यांपैकी ९२ टक्के मुलं तिच्याएवढी किंवा तिच्या खाली, हे तेव्हा घरात सगळ्यांना समजावून झालेलं आहे. सीईटीत ते प्रत्येक सत्रापुरतं काढतात, कारण सत्रागणिक पेपर सोपा-अवघड होतो. आपणही तेच केलं आहे: सगळ्या व्हिडिओंना सातच दिवस.

पर्सेंटाइलला अंतराशी देणंघेणं नाही, फक्त क्रमाशी आहे. नऊवारी ८६०० वर असो की ८६,००० वर, ती नव्या व्हिडिओच्या वर असलेला एक व्हिडिओ एवढीच मोजली जाते. शंभर पटीनं मोठी झाली तरी कुणाची जागा हलत नाही.

सूत्र साधं ठेवलं. नव्यापेक्षा कमी व्ह्यूजचे किती, भागिले एकूण किती:

```
=COUNTIF(B2:B21,"<"&B22)/COUNT(B2:B21)
```

सोबत मधला अर्धा हिस्सा कुठून कुठपर्यंत आहे तेही काढून ठेवलं. `QUARTILE` ने खालची सीमा ६३०, वरची साधारण १०६८. म्हणजे वहिनींच्या निम्म्या व्हिडिओंना पहिल्या आठवड्यात ६३० ते १०६८ व्ह्यूज मिळतात. "हा माझा नेहमीचा आठवडा," त्या म्हणाल्या आणि शीटमध्ये त्या ओळीला तेच नाव दिलं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

नवा व्हिडिओ संध्याकाळी सातला टाकला. प्रिन्सेस कट ब्लाउज, अस्तरासकट, कटिंगपासून हुक लावेपर्यंत सगळं एकातच. २४ मिनिटं. एरवीचे आठ ते तेरा मिनिटांचे असतात.

रविवार, १६ नोव्हेंबर

शेवटच्या दिवसाचे आकडे स्थिरावायला दोन दिवस लागतात, म्हणून आज बघितले. १३१० व्ह्यूज.

आधी वहीच्या जुन्या पद्धतीनं: सरासरी १२५०, नवा १३१०. फरक ६० चा. त्याला १७६४ ने भागलं तर ०.०३ विचलन. म्हणजे "तंतोतंत सरासरी, विशेष काही नाही".

नऊवारी वगळून: १३१० वजा ८६३ म्हणजे ४४७, भागिले ३५२, जवळपास १.२७ विचलन वर. "बराच चांगला."

पर्सेंटाइलनं: विसांपैकी सतरा त्याच्या खाली. ८५. वर फक्त १४००, १८३० आणि नऊवारी.

एकच व्हिडिओ, एकच आकडा, आणि पहिली दोन उत्तरं एकमेकांना छेद देणारी. पर्सेंटाइलला मात्र नऊवारी ठेवल्याने किंवा काढल्याने फारसा फरक पडत नाही: काढली तर एकोणिसांपैकी सतरा, ८९.

वहिनींनी शीटच्या मदतीत `PERCENTRANK` नावाचं तयार फंक्शन शोधलं होतं. त्यात ०.८६५ आलं. मी मोजलेलं ८५ आणि हे ८६.५, यातलं खरं कुठलं? दोन्ही. ते फंक्शन नुसतं मोजत नाही. १३१० हा १२४० आणि १४०० यांच्यामध्ये नेमका कुठे पडतो ते बघून मधली किंमत काढतं. त्याचाच भाऊ `PERCENTRANK.EXC` टोकं वेगळी धरतो आणि ०.८३ देतो. वीसच व्हिडिओ असताना एकेक व्हिडिओ पाच टक्क्यांचा आहे. त्यामुळे ८३, ८५ आणि ८६.५ यांत वाद घालण्यासारखं काही नाही. "विसांत वरून चौथ्या जागेवर" हे शब्दांत म्हटलं तर सगळ्यांत प्रामाणिक. एक पद्धत धरायची आणि तीच दरवेळी वापरायची. आम्ही मोजणीवाली धरली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

वहिनींचा उत्साह आज जोरात. "म्हणजे पूर्ण शिलाई एकाच व्हिडिओत दाखवली म्हणून चालला. आता सगळे असेच करते."

जरा थांबवलं. एकही गोष्ट बदलली नसती तरी विसांपैकी तिघांना वरच्या तीन जागा मिळतातच. सहा-सात व्हिडिओंमागे एखादा अशा उंचीवर नुसत्या चढउतारानंही पोचतो. ८५ पर्सेंटाइल व्हिडिओ कुठे आहे ते सांगतो. तिथे का पोचला ते सांगत नाही. व्हिडिओ लांब होता, पण लग्नसराईही सुरू झाली आहे, आणि थंबनेलवर या वेळी पैठणीचं कापड होतं. तीन कारणं एकाच वेळी, एकाच व्हिडिओत. यातलं कुठलं चाललं, हे एका आकड्यातून काढता येणार नाही.

दुसरी शंका मलाच होती: चॅनेल वाढतंय का? वाढत असेल तर प्रत्येक नवा व्हिडिओ जुन्यांच्या वर दिसणार, त्यात त्या व्हिडिओचं कर्तृत्व कमी आणि काळाचं जास्त. विसांचे तारखेप्रमाणे दोन भाग केले. आधीच्या दहांचा मध्यक ६८०, नंतरच्या दहांचा ९५०. वाढ आहे. मग नंतरच्या दहांशीच तुलना केली: दहांपैकी आठ खाली, म्हणजे ८०. थोडा उतरला, पण चांगलाच राहिला. स्टुडिओही नव्या व्हिडिओचा क्रम ताज्या दहांत दाखवतो, टाकल्यापासून तेवढ्याच वेळानंतरच्या आकड्यांवर. तिथे हा तिसरा होता. जुळलं.

ताज्या दहांची तुलना काळाला धरून असते, पण एकेक व्हिडिओ दहा टक्क्यांचा होतो. विसांची बारीक असते, पण थोडी शिळी. दोन्ही रकाने ठेवले. दोघांत मोठी तफावत दिसू लागली तर चॅनेल बदललं आहे असं समजायचं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

विचलन टाकाऊ आहे असा वहिनींचा समज होऊ नये म्हणून आज त्याच्या हक्काच्या जागी नेलं: सरासरी किती टक्के व्हिडिओ पाहिला जातो, तो रकाना. टक्केवारीला दोन्हीकडून मर्यादा आहे, एखादी नऊवारी उसळून वर जात नाही. वीस व्हिडिओंची सरासरी ३६.२, मध्यक जवळपास तेवढाच, विचलन ४.१. पट्टा ३२.१ ते ४०.३, आणि विसांपैकी चौदा त्यात. आधी लिहून ठेवलेली चाचणी इथे पास. इथे विचलनानं मोजायला हरकत नाही, उलट फायदा आहे, कारण किती लांब गेलो तेही कळतं. पर्सेंटाइल ते दाखवत नाही.

नवा व्हिडिओ: २९ टक्के. अंतर ७.२, भागिले ४.१, म्हणजे पावणेदोन विचलन खाली. फक्त एकच जुना व्हिडिओ याच्याही खाली आहे. वहिनींचा चेहरा उतरला.

पण लांबी बघायला हवी. २४ मिनिटांचे २९ टक्के म्हणजे जवळपास सात मिनिटं. जुन्यांची सरासरी लांबी साडेदहा मिनिटं, तिचे ३६ टक्के म्हणजे चारहून थोडी कमी. बाया या व्हिडिओपाशी जवळपास दुप्पट वेळ बसल्या आहेत, फक्त व्हिडिओ त्याहून जास्त लांब होता. व्हिडिओ लांबला की पाहिलेली टक्केवारी सहसा घसरते, त्यामुळे हा रकाना सारख्या लांबीच्या व्हिडिओंतच लावायचा. विचलनाचं गणित चोख होतं. तुलनेला शेजारी मात्र चुकीचे होते. शीटमध्ये लांबीचा रकाना वाढवला आणि २४ मिनिटांच्या या व्हिडिओपुढे "जोडीदार नाही" असं लिहिलं. असे आणखी पाच-सहा झाले की त्यांची वेगळी ओळ करता येईल.

रविवार, ३० नोव्हेंबर

गेल्या गुरुवारच्या आधीच्या गुरुवारी, २० तारखेला पुढचा व्हिडिओ टाकला होता, नेहमीच्या लांबीचा, गोल गळ्याच्या पायपिंगचा. सात दिवसांचे ९४०.

आता यादी एक पाऊल सरकली. प्रिन्सेस कट आत आला आणि सर्वांत जुना व्हिडिओ बाहेर गेला. तो जुना म्हणजे नेमकी नऊवारी. वहिनींचा सकाळीच फोन, "भावजी, सरासरी १२५० वरून ८८६ वर आली. चॅनेल बसलं की काय?"

काही बसलेलं नाही. नऊवारी यादीबाहेर गेली, एवढंच. विचलन १७६४ वरून ३५७ वर आलं. मध्यक होता तिथेच आहे, ८१०. नव्या ९४० ला जुन्या यादीत लावलं तर तो सरासरीच्या ०.१८ विचलन खाली पडतो, नव्या यादीत लावलं तर ०.१५ वर. म्हणजे "सरासरीहून कमी" आणि "सरासरीहून जास्त" यांतला फरक एप्रिलमधला एक व्हिडिओ ठरवत होता. पर्सेंटाइल दोन्ही याद्यांत ६५: विसांपैकी तेरा खाली. आणि ९४० हा ६३० ते १०६८ च्या नेहमीच्या आठवड्यात बसतो.

शीटचे रकाने आता असे लावले आहेत: सात दिवसांचे व्ह्यूज, विसांत पर्सेंटाइल, दहांत पर्सेंटाइल, लांबी, पाहिलेली टक्केवारी, आणि टक्केवारीपुरतं विचलनातलं अंतर. व्ह्यूजच्या सरासरीचा रकाना वहिनींनी स्वतः लपवला. पुढची नऊवारी फेब्रुवारीत करायची म्हणतात.